वाकडी भिंत

काका-काकू आले होते न्हाणीघराच्या दांड्यासाठी. फ्लॅटमधल्या मोरीत काकूंचा पाय दोनदा घसरला होता, म्हणून भिंतीला धरायला स्टीलचा दांडा हवा होता. बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या ऑफिसात अशी किरकोळ कामं माझ्याकडेच येतात. मी वही काढली, पण काकूंचं लक्ष माझ्या स्क्रीनकडे.

स्क्रीनवर शहापुरातल्या एका जुन्या घराचं रेंडर होतं. मालक पुण्यात, त्यांनी ते गेल्याच वर्षी घेतलेलं. कौलांखाली लाकडी सीलिंग, पांढऱ्या भिंती, सोप्यात पिवळा उजेड. जुनं म्हणावं असं मी त्यात फारसं ठेवलंच नव्हतं. खरं तर गिऱ्हाइकाचं काम दुसऱ्याला दाखवू नये, पण स्क्रीन फिरवायला मी विसरले.

"अहो, हे आमचं घर."

"काय तरी बोलू नकोस," काका म्हणाले. "असली घरं शहापुरात गल्लीगल्लीत आहेत."

"ही भिंत बघा की. वाकडी आहे."

फरशीच्या रेषा भिंतीपाशी तिरक्या कापल्या जात होत्या. मोजमाप घेताना मीही वैतागले होते. एका टोकाला चार इंच, दुसऱ्या टोकाला अकरा. काकू म्हणाल्या, "इथं पलंग कधी भिंतीला लागला नाही. फटीत मी केरसुणी ठेवायची."

काकांनी चष्मा पुसला. मग गल्लीचं नाव विचारलं. मी सांगितलं, आणि ते खुर्ची ओढून पुढं सरकले. 12 वर्षांपूर्वी त्यांनीच विकलं होतं. मधे आणखी एक मालक होऊन गेला.

मला वाटलं आता दोघं चुका काढणार. काकांनी सुरुवातही केली. खिडकी बारीक केली, माळ्याचा जिना कुठं गेला... काकूंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"त्यांचं घर आहे ओ आता. खरं एक सांगू का, बाळ? ही काचेची पेटी तेवढी इथनं हलव."

सोप्यात खिडकीखाली मी माशांची टाकी ठेवली होती. मालकांची तीच एक हौस. 6 फूट लांब, 2 रुंद, 2 उंच. नुसत्या पाण्याचंच वजन पावणेसात क्विंटलच्या घरात जातं.

"का हो काकू?"

"त्याच्या खाली खड्डा आहे. मामंजींच्या मागाचा."

शहापूर-वडगावात घरोघरी हातमाग होते हे मला माहीत होतं. आजीच्या ट्रंकेत शहापुरी लुगडंही आहे. पण विणणारा जमिनीत पाय सोडून बसतो, पायानं दाबायच्या पावड्या खाली खड्ड्यात असतात, आणि उजेडासाठी माग खिडकीशी मांडतात, हे घर मोजताना मला आठवलं नव्हतं. वरून शहाबादी फरशी, खाली काय ते दिसणार कसं?

"शेजारी पॉवरलूमची खडखड सुरू झाली आणि बाबांनी माग मोडला," काका म्हणाले. "खड्डा स्वतःच भरला. चुलीची राख, फुटकी कौलं, माती. मी म्हटलं, दगड घाला, धुमस मारा. ऐकलं नाही. दर पावसाळ्यात ती फरशी बोटभर खचायची."

"का ऐकलं नाही?"

काका गप्प बसले. काकू म्हणाल्या, "परत माग टाकायचा झाला तर उकरायला सोपं जावं, म्हणून."

मी लगेच उपाय सांगितला. शिकलेलं ते असं वेळीअवेळी बाहेर पडतं. म्हटलं, भराव उकरून काढू, खाली सोलिंग, वर काँक्रीट, मग टाकी काय, तिजोरी ठेवली तरी हलणार नाही.

"कर की मग," काका म्हणाले. "पक्कं काम होईल."

"नको," काकू म्हणाल्या. "पेटीच हलव."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हलव, बाई."

मी टाकी उचलून समोरच्या भिंतीशी नेली. माऊसनं दोन सेकंदांचं काम. खिडकीखालची फरशी मोकळी झाली. काकूंनी स्क्रीनला बोट न लावता त्या जागेवर हवेतच एक चौकोन काढला. "एवढा होता," म्हणाल्या.

मालकांना संध्याकाळी फोनवर सांगितलं, तिथं भराव आहे, टाकीचं वजन पेलणार नाही. ते म्हणाले, तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, चौकशी केली.

काका-काकू मात्र टाकी हलवल्यावर लगेचच निघाले होते. जिना उतरून खाली पोचल्यावर काकूंची हाक आली.

"अगं, मोरीचा दांडा राहिलाच की!"

मी टेप घेऊन त्यांच्यामागून गेले.