मंडळी, या ट्रिपला मी नाही

(ग्रुपवर, मंगळवारी रात्री)

मंडळी, गेला आठवडाभर माझं 'बघते', 'सांगते', 'जमलं तर येते' चाललंय. आपल्याकडे 'बघते' म्हणजे 'नाही' हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी प्राची बिचारी रोज माझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकून यादी नव्याने पाठवते. प्राची, ते प्रश्नचिन्ह काढ. मी येत नाहीये.

कारण सरळ आहे: पैसे. या वर्षी फिरण्यासाठी बाजूला ठेवलेले संपले, आणि साठवलेल्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय. बाकी तब्येत ठणठणीत आहे आणि मी कोणावर रुसलेलीही नाही. प्लॅन झकास झालाय, माझ्यासाठी त्यात काटछाट करत बसू नका. बोटीची सफर तर मुळीच गाळायची नाही.

बुकिंग शुक्रवारी आहे ना, म्हणून आजच सांगून टाकलं. 7 जण धरा. जाऊन आलात की भेटू, तेव्हा सगळं सविस्तर ऐकायचंय.

(प्राचीला, वेगळा)

प्राची, ग्रुपवर चार ओळी टाकल्यात, पण तुला नीट सांगायला हवं. सगळी जुळवाजुळव तू एकटी करतेयस आणि माझ्या नकाराने तुझंच गणित बिघडणार आहे.

आधी तेच बोलू. 8 जण होतो तेव्हा 4 खोल्यांत दोघं दोघं बरोबर बसत होतो. आता सातवं माणूस एकटं राहिलं तर त्याला अख्ख्या खोलीचं भाडं पडेल, आणि ते तोंडाने बोलणारही नाही. त्यापेक्षा एका खोलीत जादा गादी मिळते का ते विचार. तिघं एकत्र राहिले तर 3 खोल्यांत भागेल. गाडीचं भाडं मात्र ठरलेलंच, ते आठाऐवजी सातांत वाटलं की प्रत्येकाचा वाटा साधारण 14 टक्क्यांनी वाढतो. हा भुर्दंड माझ्यामुळे आहे, कळतंय मला. म्हणूनच बुकिंगच्या आधी बोलतेय. मागच्या वेळी मी काय केलं होतं आठवतंय ना? आगाऊ पैसे भरून झाल्यावर 'ऑफिसात सुट्टी नाही' अशी थाप मारली, आणि त्याच शनिवारी तुझ्या बहिणीला बाजारात भेटले. तू कधी विषय काढला नाहीस. पण मला अजून आठवलं की कानशिलं तापतात.

तेव्हाही कारण पैशाचंच होतं. ते बोलायची लाज वाटली, थाप मारायची वाटली नाही. अजब आहे ना?

आता खरं काय ते. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केल्याला 7 महिने झाले. काम येतंय, बरं येतंय, पण पैसे येतात ते त्यांच्या मर्जीने. एका महिन्यात तीन बिलं एकदम चुकती होतात, पुढच्या महिन्यात एकही नाही. म्हणून 6 महिन्यांचा घरखर्च निघेल एवढी रक्कम वेगळी ठेवलीय आणि वर्ष संपेपर्यंत तिच्याकडे बघायचंही नाही असं स्वतःला बजावलंय. ट्रिपचा खर्च त्या रकमेतून निघाला असता. 'पैसे आहेत पण देत नाही' असं कोणी म्हणालं, तर ते अगदीच खोटं नाही. पैसे आहेत, फक्त त्यांचं काम आधीच ठरलंय.

शिवाय यादीत लिहिलेला खर्च आणि खरा खर्च यांत केवढं अंतर पडतं हे आपण दोघींनी दर वेळी पाहिलंय. यादीत गाडी नि खोली असते. रस्त्यातलं चहापाणी, प्रवेश तिकिटं, 'एवढं आलोच आहोत तर हेही करू', आणि शेवटच्या दिवशी होणारी खरेदी, हे कोणी लिहीत नाही. मी आले असते तर दर जेवणाला मेनूकार्डाची उजवी बाजू आधी वाचली असती. तुम्ही बोटीत असता तेव्हा 'मला पाण्याची भीती वाटते' म्हणत काठावर बसले असते. तशी सोबत तुम्हाला नको आणि मलाही नको.

एक विनंती. ग्रुपवर कोणी 'बिचारी' किंवा 'हिचं नेहमीचंच' अशा सुरात गेलं, तर माझ्या बाजूने भांडू नकोस. वकील लागला की गुन्हा झाल्यासारखं वाटतं. मी माझं बघेन.

आणि हो, वाईट वाटतंय. नाही म्हणून काय उपयोग. गेली तीन वर्षं 'आपण आठजण समुद्रावर' एवढंच ऐकतेय, आणि नेमकं जमलं तेव्हा मी नाही.

(प्राचीने लिहिलं: 'अगं वेडी आहेस का, मी भरते तुझे. सावकाश दे.')

तू म्हणशील हे माहीतच होतं, आणि तू म्हणालीस म्हणून बरंही वाटलं. पण नको. सावकाश म्हणजे कधी, ते मला सांगता येणार नाही, आणि तू कधी विचारणार नाहीस. मग तुझा साधा 'काय करतेयस?' असा मेसेज आला तरी मला आधी ती रक्कमच आठवेल. आपल्यात तेवढं एक यायला नको.

सगळ्यांनी मिळून माझा खर्च वाटून घ्यायचा विचारही मनातून काढ. चौघांना तो जड जाणार नाही, दोघांना जाईल, आणि ते दोघं सगळ्यात आधी 'हो' म्हणतील. कोण ते तुलाही माहीत आहे.

खरंच काही करायचं असेल तर पुढच्या वेळी तारखा 4-5 महिने आधी ठरव. दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकले की मला जमतं. एकदम भरायचे म्हटलं की नाही जमत. माझ्यासारखं आणखी कोणी असेल तर त्यालाही सोपं जाईल.

(ग्रुपवर, बुधवारी सकाळी)

'कंजूष मंडळाची अध्यक्ष' हा किताब मिळाला, आभारी आहे. पहिला ठराव: अध्यक्षांना बोटीतले फोटो रोज रात्री पाठवावेत, आणि त्यात कोणीही 'तू असतीस तर' असं लिहू नये.

गंमत बाजूला. कोणाला नंतर आपल्याही खर्चाचं बोलायचं असेल तर शुक्रवारच्या आत बोला. माझ्यामुळे वाट मोकळी झालीय.

(प्राचीला, बुधवारी दुपारी)

जादा गादी मिळतेय हे बेस्ट झालं. माझी मोठी बॅग तुला हवी होती ना? गुरुवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा, मी सातनंतर घरी आहे. तिची चेन कोपऱ्यात अडकते, जोर लावू नकोस, आधी थोडी मागे घे आणि मग ओढ.