भोवत्या, जात अनिश्चित

(एम. ए. इतिहास प्रवेशअर्जासोबतचा निबंध. विषय : आपल्या एखाद्या छंदातून आपली विचार करण्याची पद्धत स्पष्ट करा.)

माझ्या पक्षिनिरीक्षणाच्या वहीत ११ डिसेंबर २०२१ या तारखेखाली शाईने लिहिलेले ‘पांढुरका भोवत्या, मादी’ हे शब्द मी नंतर एका रेघेने खोडले आहेत आणि शेजारी ‘भोवत्या, जात अनिश्चित’ असे लिहिले आहे. खोडलेले मूळ शब्द आजही वाचता येतात आणि ते तसेच वाचता यावेत, अशी माझी इच्छा आहे.

मी इंदापूर तालुक्यातली आहे. आमच्या घरापासून कडबनवाडीचे गवताळ माळरान दुचाकीने तासाभराच्या आत येते. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी त्या माळावर गवताच्या अगदी लगत, पंख इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे वर धरून तरंगत जातात आणि रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. पांढुरका भोवत्या आणि मोंटेग्यूचा भोवत्या यांचे नर ओळखायला फारसा त्रास होत नाही, पण माद्या आणि पिल्ले तपकिरी असतात, दोन्हींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो आणि दोन्हींच्या शेपटीवर आडवे पट्टे असतात. फरक मुख्यतः चेहऱ्यापाशी असतो : पांढुरक्या भोवत्याच्या मानेभोवती एक फिकट पट्टी असते आणि तिच्यामागे गडद भाग असतो.

त्या संध्याकाळी मला पक्षी सात-आठ सेकंद दिसला. घरी येऊन मी पुस्तक उघडले, चित्र पाहिले आणि वहीत नाव लिहिले. पुढच्या रविवारी माझ्याबरोबर माळावर येणाऱ्या, वयाने माझ्या वडिलांएवढ्या एका निरीक्षकांनी वही वाचून एकच प्रश्न विचारला, “मानेची पट्टी तुला तिथे दिसली, की घरी आल्यावर?” मी तत्काळ “तिथेच दिसली” असे सांगितले, कारण ती पट्टी मला खरोखरच डोळ्यांसमोर दिसत होती. रात्री मात्र माळावर उभ्याउभ्या घाईने खरडलेला कागद मी पुन्हा काढला. त्यावर शेपटीचा पांढरा पट्टा होता, उडण्याची दिशा होती, सूर्य पक्ष्याच्या मागे असल्याची नोंद होती, पण मानेविषयी एक अक्षरही नव्हते. सूर्य मागे असताना मान अंधारातच असणार. मला स्पष्ट आठवणारी ती पट्टी पुस्तकातल्या चित्राची होती, आणि मी खोटे बोलत नसूनही माझी साक्ष खोटी होती.

या गोष्टीने मला अनेक दिवस अस्वस्थ केले. तेव्हापासून माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर मध्ये उभी रेघ असते. डावीकडे जागेवर पाहिलेले तेवढेच, शाईने. उजवीकडे घरी आल्यावर ठरवलेले नाव, पेन्सिलने. डावी बाजू मी नंतर कधीही भरत नाही, तिथे काही राहून गेले असेल तर ते राहूनच जाते. गेल्या हंगामातल्या एकतीस भोवत्यांपैकी बारांच्या समोर ‘जात अनिश्चित’ असे आहे. सुरुवातीला हे मला अपयश वाटे, आता मी त्या बारा नोंदींवर उरलेल्या एकोणिसांपेक्षा अधिक विश्वास ठेवते.

मोजणीतही अशीच एक चूक माझ्या हातून झाली. उजनी धरणाच्या फुगवट्यावर आमच्या गावच्या काठावरून मी जानेवारी २०२३ मध्ये ४६ रोहित पक्षी मोजले आणि जानेवारी २०२४ मध्ये ३१० मोजले. महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी मी आनंदाने ‘रोहितांची संख्या वाढली’ असा मजकूर लिहिला, आणि तो लावण्याच्या आदल्या संध्याकाळी आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, सहज विचारले, “यंदा पाणी कुठवर हाय?” आमच्याकडे उजनी किती टक्के हा प्रश्न रोजच्या रोज विचारला जातो आणि पाणी मृतसाठ्यात गेले की ‘उणे’ किती हेही लोकांना तोंडपाठ असते. २०२२ च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरले होते, २०२३ मध्ये ते भरलेच नाही. रोहित उथळ पाण्यात मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळून खातो. पहिल्या वर्षी आमच्या काठाला तसे उथळ पाणी नव्हतेच, दुसऱ्या वर्षी पाणी ओसरून चिखल उघडा पडला होता आणि लोक गाळपेरीच्या तयारीला लागले होते. मी पक्ष्यांइतकीच पाण्याची पातळी मोजली होती. मी तो मजकूर मागे घेतला आणि त्याऐवजी दोन्ही आकडे, दोन्ही दिवसांची धरणाची टक्केवारी आणि ‘यावरून वाढ-घट सांगता येत नाही’ एवढेच वाक्य लावले. कुणी फारसे वाचले नाही, पण आजवर मी लिहिलेल्यात ते मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

पदवीच्या दुसऱ्या वर्षी मी मोडी शिकले, तेव्हा वहीतली ही उभी रेघ माझ्या फार उपयोगी पडली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द सुटे न तोडता सलग लिहिलेले असतात, त्यामुळे वाचणारा अपेक्षेने वाचू लागला की कागद त्याला हवे ते सांगू लागतो. सरावाच्या एका पत्रात ‘दिन पाहून द्यावे’ असे मी लिप्यंतर केले आणि मुहूर्त पाहून दान देण्याची प्रथा असल्याचे समजून पुढे गेले. तेच अक्षर ‘दीन पाहून द्यावे’ असेही वाचता येते, आणि मग वाक्य मुहूर्ताचे न राहता गरजूंचे होते. पत्राच्या उरलेल्या मजकुरातून निकाल लागत नव्हता. मी दोन्ही पाठ लिहिले, एकाखाली एक.

आपल्या विभागात मला उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या आठवणींवर काम करायचे आहे. पळसदेवचे जुने देऊळ पाणी फार खाली गेले की उघडे पडते आणि तेव्हा काठावर जमणारी वृद्ध माणसे गावाविषयी भरभरून बोलतात. आबा सांगतात की पाणी एका रात्रीत दारात आले. त्यांच्याच आळीतल्या एक आजी सांगतात की पाणी इतके सावकाश चढले की त्यांनी उंबऱ्यापाशी रोज सकाळी खूण केली. दोघांपैकी एकाला खरे आणि दुसऱ्याला विसराळू ठरवण्याची घाई मला नाही, कारण स्वतःच्या डोळ्यांना न दिसलेली मानेची पट्टी मीसुद्धा शपथेवर सांगितली असती. आबांची रात्र त्यांनी पाहिलेली आहे, की पुढच्या चाळीस वर्षांत सांगता सांगता तयार झालेली आहे, आणि तशी असेल तर ती का झाली, हे मला शिस्तीने विचारायला शिकायचे आहे. भूसंपादनाचे कागद, धरणाच्या पातळीच्या नोंदी आणि माणसांची कथने एकमेकांशेजारी कशी ठेवावीत, हे मला एकटीने वहीत जमण्यासारखे नाही.

आबा आणि त्या आजी यांची कथने मी गेल्या मे महिन्यात उतरवून घेतली आहेत. दोन्ही डाव्या बाजूला, शाईने आहेत. उजवी बाजू अजून कोरी आहे.