वामन आणि बळी: दिवाळी अंकाच्या बालविभागासाठी पाच चित्रांचा प्रॉम्प्ट-संच

कथेचा आधार: श्रीमद्भागवत, आठवा स्कंध, अध्याय १८ ते २३. चित्रं पाच, सगळी उभी, प्रमाण ३:४. चौथं चित्र मात्र २:३, कारण तिथे उंचीच लागते. प्रत्येक प्रॉम्प्टच्या आधी खालचा 'सामायिक भाग' जसाच्या तसा चिकटवायचा. पहिलं चित्र आश्रमातलं आहे, म्हणून तिथे नर्मदाकाठ, यज्ञमंडप, बळी आणि अंगावरचं कातडं एवढं गाळायचं. त्यातला शब्द एका चित्रात बदलला की पात्राचा चेहरा पुढच्या चित्रात ओळखू येत नाही.

शुक्राचार्य झारीच्या तोटीत शिरतात आणि दर्भाने त्यांचा डोळा फुटतो, ही गोष्ट घरोघरी सांगितली जाते, पण भागवताच्या या अध्यायांत ती नाही. म्हणून संचात ती घेतलेली नाही. बळीला शिंगं, सुळे आणि लाल डोळे देऊ नयेत, यावर आम्ही ठाम आहोत. तो प्रल्हादाचा नातू आहे, दानाचा शब्द मोडत नाही, आणि पाडव्याला आपल्याकडे 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात ते त्याच्याचसाठी. 'असुर राजा' एवढंच लिहिलं की चित्र काढणारं एआय साधन हमखास राक्षस काढतं. त्यामुळे प्रॉम्प्टमध्ये 'असुर' हा शब्दच नाही, नुसतं वर्णन आहे.

सामायिक भाग

अपारदर्शक जलरंगांतलं हाताने रंगवल्यासारखं चित्र, बारीक गडद बाह्यरेषा, कागदाचा हलका पोत. रंग मर्यादित: गेरू, हळदीचा पिवळा, गडद निळा, शेवाळी हिरवा. प्राचीन भारत, नर्मदेचा उत्तर तीर, भृगुकच्छ. लाकडी खांबांचा, गवताने शाकारलेला यज्ञमंडप. वामन: आठ-नऊ वर्षांच्या मुलाइतकी उंची, प्रमाणबद्ध सुदृढ शरीर, उजळ सावळा वर्ण, शांत प्रौढ नजर, डोक्यावर जटा, कमरेला मुंज गवताची जाड पिळदार मेखला, पांढरं जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या बगलेखाली, अंगावर काळवीटाचं कातडं उपरण्यासारखं. बळी: उंच, रुंद खांद्यांचा, चाळिशीतला, प्रसन्न आणि उदार चेहरा, साधा सोन्याचा मुकुट, गळ्यात न कोमेजणाऱ्या कमळांची माळ.

नकारात्मक रकाना (मुख्य प्रॉम्प्टमध्ये हे लिहू नका, 'शिंगं नकोत' असं वाक्यात आलं की बहुतेक साधनं शिंगंच काढतात)

शिंगं, सुळे, दाढीवाला बुटका, टोकदार टोपी, डोक्यामागे तरंगणारं कडं, पंख, दगडी गोपुर, बर्फाचे डोंगर, घडीची छत्री, चहाची किटली, अक्षरं, सही, जास्तीचे हात, जास्तीची बोटं. चौथ्या चित्रासाठी 'जास्तीचे हात' आणि पाचव्यासाठी 'पंख' एवढे शब्द इथून काढा.

चित्र १. मुंज

प्रॉम्प्ट: कश्यप ऋषींच्या आश्रमात वामनाची मुंज. मध्यभागी वामन पाटावर बसलेला. कश्यप त्याच्या कमरेला मेखला बांधत आहेत. अदिती हातात दुमडलेली कौपीन घेऊन शेजारी उभी. पाटासमोर केळीच्या पानावर वस्तू मांडलेल्या, प्रत्येक सुटी आणि ओळखू येईल अशी: काळवीटाचं कातडं, सरळ लाकडी दंड, दर्भाची जुडी, जपमाळ, भिक्षेचं छोटं पात्र, दुधी भोपळ्याच्या आकाराचा मुठीचा कमंडलू. वर झावळीचं गोल छत्र. सकाळचा मऊ उजेड, वस्तूंच्या कडांवर हलकी सोनेरी किनार.

वस्तू कुणी दिल्या तेही मूळ कथेत आहे: कातडं भूमीने, दंड सोमाने, छत्र आकाशाने, कमंडलू ब्रह्मदेवाने, दर्भ सप्तर्षींनी, जपमाळ सरस्वतीने, पात्र कुबेराने. एवढे देणारे एका चौकटीत घातले की गर्दी होते आणि चेहरे विरघळतात, म्हणून देणारे गाळून वस्तू ठेवल्या आहेत. नावं चित्राखालच्या मजकुरात जातील. छत्र कशाचं होतं हे कथा सांगत नाही. झावळी आपण निवडली, कारण नुसतं 'छत्र' लिहिलं तर झालरीचं राजछत्र येतं.

चित्र २. मंडपात प्रवेश

प्रॉम्प्ट: यज्ञमंडपाच्या दारातून वामन आत येत आहे. उजव्या हातात झावळीच्या छत्राचा दांडा, त्याच मुठीत दंडही धरलेला. डाव्या हातात पाण्याने भरलेला कमंडलू. त्याच्या पावलाखालची जमीन किंचित दबलेली, पावलाभोवती मातीत गोल वळ्या. प्रकाशाचा मुख्य उगम वामनाचं शरीर: तापलेल्या सोन्यासारखा उबदार उजेड छातीपासून बाहेर पसरतो आणि अंतरासोबत कमी होतो. चौकोनी यज्ञकुंडातल्या ज्वाळा फिकट आणि लहान. ऋत्विजांचे चेहरे राखाडी सावलीत, फक्त वामनाकडची बाजू उजळलेली. ते आसनावरून उठत आहेत. मागे बळी हात जोडून उभा. खांबांच्या लांब सावल्या वामनापासून उलट दिशेला.

पूर्ण संचात याच चित्रावर सर्वात जास्त वेळ द्या. भागवतात वामन आल्यावर ऋत्विज निस्तेज होतात. हा सूर्य येतोय, अग्नी की सनत्कुमार, असा त्यांना प्रश्न पडतो. म्हणजे तेज दाखवायचं ते बाकीच्यांचं तेज काढून घेऊन. प्रॉम्प्टमध्ये 'दिव्य', 'तेजस्वी', 'अलौकिक' अशी विशेषणं वाढवत गेलात की सगळं चित्र पांढरं पडतं आणि मेखलेचे पीळ, जानवं, कातडं काहीच दिसत नाही. त्याऐवजी प्रकाश कुठून निघतो, कुठे पडतो, कोण सावलीत आहे आणि सावली कुणीकडे जाते, हे चारच मुद्दे लिहा. तरीही चेहरा जळाला, तर 'तापलेल्या सोन्यासारखा' काढून 'निरांजनाच्या उजेडाइतका' लिहा.

नेहमीची दुसरी चूक हातांची. छत्र, दंड आणि कमंडलू अशा तीन वस्तू दोन हातांत आल्या की साधन तिसरा हात काढतं. म्हणून छत्र आणि दंड एकाच मुठीत आहेत. तरी हात वाढला तर दंड काढून टाका, कमंडलू काढू नका. पुढच्या चित्रात पाणी आहे, आणि दिवाळी अंकातल्या मुलांना तो दुवा दिसला पाहिजे.

जानवं उलट्या खांद्यावर आलं तर चित्र आरशासारखं फिरवून वेळ मारून नेऊ नका. तसं केलं की उजव्या हातातलं छत्र डाव्या हातात जातं. फक्त छातीचा भाग निवडून तेवढाच पुन्हा काढून घ्या.

चित्र ३. दानाचं पाणी

प्रॉम्प्ट: बळी गुडघ्यावर बसून वामनाचे पाय धूत आहे. शेजारी राणी विंध्यावली, मोत्यांच्या जाळीदार माळा घातलेली, दोन्ही हातांनी सोन्याचा कलश वाकवून पाणी ओतत आहे. पाण्याची सलग बारीक धार. धारेत आणि बळीच्या तळहातांत वामनाच्या पावलांचा सोनेरी उजेड. बाजूला शुक्राचार्य, पांढरी दाढी, पांढरं वस्त्र, एक हात उंचावून थांबवत आहेत, चेहरा सावलीत आणि काळजीचा. बळी त्यांच्याकडे न पाहता पाण्याकडे पाहतो.

शुक्राचार्यांचा चेहरा रागीट आला तर तो घेऊ नका. आधी ते समजावतात, मग शाप देतात. भागवतात पाणी सोडण्याआधीच शाप देऊन झालेला असतो, पण या चित्रात आपण त्यांचं समजावणंच दाखवतो. सोन्याचा कलश आणि वामनाचा कमंडलू एकसारखे दिसू लागले तर कमंडलू छत्राजवळ जमिनीवर ठेवा.

चित्र ४. दुसरं पाऊल (२:३)

प्रॉम्प्ट: खालून वर पाहिल्यासारखा कोन. विराट सावळा विष्णू, पीतांबर, चार हात: चक्र, शंख, गदा, धनुष्य. उजवा पाय खाली पृथ्वीवर घट्ट, पावलाखाली नद्या, डोंगर आणि जंगलं नकाशासारखी लहान. डावा पाय गुडघ्यात सरळ, बाजूने वर, पाऊल चौकटीच्या वरच्या कडेजवळ, ताऱ्यांच्या पलीकडे. वर ब्रह्मदेव कमंडलूतून त्या पावलावर पाणी ओततात. पाणी अंगठ्यावरून चंदेरी प्रवाह होऊन खाली येतं. तळाशी अगदी छोटा यज्ञमंडप, दारात हात जोडलेला बळी. कडेला अस्वलाच्या रूपातला जांबवान भेरी वाजवत धावतो. उजेड दोनच ठिकाणी: वर उचललेलं पाऊल आणि खाली बळीचा चेहरा. मधलं आकाश गडद निळं.

डावं पाऊल मुद्दाम. गंगेच्या उगमाची कथा पाचव्या स्कंधात येते आणि तिथे डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख स्पष्ट सांगितलेलं आहे. आयुधं कथेत चारापेक्षा जास्त आहेत. तलवार, ढाल, भाते सगळे आहेत. पण चारांच्या पुढे हात गेले की साधन खांद्यांचा गुंता करतं, म्हणून हीच चार ठेवली. बदामीच्या तिसऱ्या लेण्यातलं त्रिविक्रम शिल्प पाय वर उचलण्याच्या ठेवणीसाठी समोर ठेवा. त्याचा फोटो संदर्भ म्हणून देता येत असेल तर द्या, पण प्रभाव निम्म्याहून कमी ठेवा, नाहीतर आकृती दगडी होते.

तीन पाय आले तर 'दुसरं पाऊल' हे शब्द प्रॉम्प्टमध्ये शिरलेत का बघा. आकडा वाचून पाय वाढवला जातो.

चित्र ५. मस्तक

प्रॉम्प्ट: वामन पुन्हा बटूच्या रूपात, शांत उभा. समोर बळी गुडघ्यांवर, हात आणि खांदे जाड निळसर दोरांनी बांधलेले, मान स्वतःहून पुढे झुकवलेली, डोळे मिटलेले, चेहरा निवांत. मुकुट बाजूला जमिनीवर, कमळांची माळ गळ्यात तशीच ताजी. मागे गरुड उभा. उजवीकडून वृद्ध प्रल्हाद येतो: उंच, काळासावळा, पिवळसर वस्त्र, कमळासारखे डोळे, लांब हात. वामनाचा उजेड आता बळीच्या मस्तकावर सर्वात ठळक, वामनावर त्याहून सौम्य.

पाय डोक्यावर दाबून बळीला खाली ढकलणारं चित्र आपल्याकडे सर्रास दिसतं, पण ते इथे घेऊ नका. भागवतात बळी स्वतः म्हणतो, तिसरं पाऊल माझ्या मस्तकावर ठेव. त्यामुळे पाऊल उचललेलं दिसलं तरी चालेल, दाब दिसता कामा नये. दोर वरुणाचे पाश आहेत, साखळदंड नाहीत. 'बांधलेला' म्हटलं की लोखंड येतं, म्हणून 'जाड निळसर दोर' हेच शब्द ठेवा.

बळीला पुढे सुतल मिळतं आणि विष्णू गदा घेऊन त्याच्या दारात पहारा देतो. त्यासाठी सहावं चित्र केलेलं नाही. ते दोन ओळींत पाचव्या चित्राखाली छापा. चित्राखालचा मजकूर मांडणीत टाका, चित्रात उमटवायला सांगू नका, कारण जोडाक्षरं मोडतात. पाडव्याची ओळ याच पानावर, रांगोळीच्या पट्टीत.