संपादकांसाठी ब्रीफ : सर्पदंश मालिका, फीत चौथी – ‘झोपेत चावणारी मण्यार’

प्रेक्षक : रत्नागिरी जिल्ह्यातली वाडीवस्तीवरची माणसं, त्यातही जमिनीवर अंथरूण टाकून झोपणारी
कुठे बघणार : मोबाइलवर, बहुतेकदा आवाज बंद ठेवून, शिवाय ग्रामसभेत पडद्यावर
पहिला कट : २२ मे प्रसारण : ६ जून, म्हणजे मिरगाच्या आदल्या दिवशी

पुढच्या प्रत्येक फितीला हाच नमुना वापरायचा आहे. फक्त वरचा तपशील आणि ‘या फितीत काय सांगायचं’ हा भाग बदलेल. बाकीचे नियम कायम राहतील.

या फितीत काय सांगायचं

मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज जवळजवळ नसते, कधीकधी दातांची खूणही सापडत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. घरच्यांना वाटतं पित्त झालं असेल, आणि त्यात दोन तास जातात. ते दोन तास वाचवणं हेच या फितीचं काम आहे.

प्रेक्षकाच्या मनात दोनच गोष्टी उरल्या पाहिजेत. पहिली, अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. दुसरी, पहाटे पोटदुखीसोबत पापण्या मिटायला लागल्या तर १०८ला फोन करून थेट दवाखाना. तिसरी गोष्ट घालायचा मोह होईल, पण ती पाचव्या फितीसाठी ठेवा.

सूर

घरातलं जाणतं माणूस ओटीवर बसून सांगतं तसा. गावात ‘साप चावला’ असं लोक सहसा म्हणत नाहीत. रात्री तर सापाचं नावही घेत नाहीत, ‘जनावर’ किंवा ‘किरडू’ म्हणतात, आणि चावला तर ‘पान लागलं’ म्हणतात. निवेदनात हे शब्द मुद्दाम घेतले आहेत. ते काढून ‘सर्पदंशाची घटना घडल्यास’ असं करू नका.

मांत्रिकाकडे गेलेल्या कुटुंबाला वेडं ठरवणारं एकही वाक्य, एकही चेहरा किंवा आवाज नको. ज्यांच्या घरात माणूस गेलंय तेही ही फीत बघणार आहेत. भीती वाढवणारं संगीत, हृदयाचे ठोके, फुत्काराचे आवाज टाळा. घाबरलेला माणूस पळतो, आणि दंश झालेल्यानं पळणं ही सगळ्यात वाईट गोष्ट.

वर्ज्य दृश्यं

हा भाग दोनदा वाचा.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच एका फितीत पायाला दोरी आवळून बांधल्याचं दृश्य होतं आणि त्यावर लाल फुली होती. ‘असं करू नका’ हे निवेदनात स्पष्ट सांगितलं होतं. पंधरा दिवसांनी एक आजोबा मांडीला सुतळी आवळून दवाखान्यात आले. पाय काळानिळा पडला होता. नातू म्हणाला, मोबाइलवर दाखवलं होतं. आवाज बंद होता. त्यांनी दोरी बघितली, फुलीकडे लक्ष गेलं नाही. चूक त्या मुलाची नाही, आमची होती. तेव्हापासून आमचा नियम एकच आहे : जे करायला नको ते पडद्यावर दाखवायचंच नाही, फुली मारूनही नाही. आवळून बांधणं, ब्लेडनं कापणं, तोंडानं विष ओढणं, बर्फ चोळणं, मंत्र टाकणं हे फक्त शब्दांत सांगायचं. तेव्हा पडद्यावर योग्य कृती चालू असावी : माणूस आडवा, हातपाय न हलवलेला, अंगठी आणि बांगड्या काढलेल्या, हाडं मोडल्यावर देतात तसा फळीचा सैल आधार.

सापाला हात लावलेलं कुठलंही चित्रण नको. गळ्यात साप घातलेला सर्पमित्र नको, शेपटी धरून उचललेला नाग नको, नागपंचमीच्या जुन्या मिरवणुका नकोत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे आणि असे खेळ बेकायदा आहेत. पण त्याहून मोठं कारण म्हणजे चौदा वर्षांची मुलं ते करून बघतात. मारलेला साप, साप डब्यात भरून दवाखान्यात नेणं हेही नको. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच आहे, त्यामुळे जनावर सोबत नेण्याची गरज नसते.

तयार फुटेज घेताना जास्त सावध राहा. परदेशी खुळखुळ्या साप आणि नागराज यांची चित्रं ‘नाग’ म्हणून सर्रास टाकली जातात. कवड्या तर मण्यारीसारखाच दिसतो आणि तो बिनविषारी आहे. कवड्याला मण्यार म्हणून दाखवलं की गावातले कवडे उगाच मारले जातात. मण्यारीचं चित्रण आमच्या फोल्डरमधलंच वापरा. त्यातही साप एकूण चार सेकंदांहून जास्त दिसू नये.

रुग्णाचा चेहरा, जखम, मृतदेह, रडणारे नातेवाईक, खाटेला लावलेला केसपेपर यातलं काहीही नको, लेखी संमती असली तरी. दवाखाना दाखवायला पांढऱ्यावर लाल क्रॉस टाकू नका. ते संरक्षित चिन्ह आहे आणि १९६०च्या जिनिव्हा करार कायद्यानं त्याच्या वापरावर बंधन आहे. दवाखान्याची पाटी किंवा १०८ची गाडी दाखवा.

लांबी आणि तांत्रिक मर्यादा

मोबाइलची फीत ६० सेकंद, त्याहून एक सेकंदही जास्त नको. ग्रामसभेची १५० सेकंदांपर्यंत चालेल. मोबाइलसाठी उभी चौकट `1080x1920`, फाइल १५ एमबीच्या आत. वाडीवर नेटवर्क एका टोकाला येतं, जड फाइल उतरतच नाही. मच्छरदाणी पहिल्या आठ सेकंदांत दिसलीच पाहिजे. बोधचिन्ह, श्रेयनामावली शेवटी तीन सेकंद.

पडद्यावरचा मजकूर एका वेळी दोन ओळी, एका ओळीत जास्तीत जास्त पाच शब्द, किमान तीन सेकंद. प्रीमिअर वापरत असाल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये `South Asian and Middle Eastern` निवडा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि ‘विष’ वाचताच येत नाही. `Mukta` फॉन्ट चालेल. ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना, तेवढं बघा.

तपासणी

२२ मेला पहिला कट `SD04_kat1.mp4` या नावानं फोल्डरमध्ये टाका. संगीत, रंग काहीच नको. आधी क्रम ठरू दे, म्हणजे तुमची मेहनत वाया जाणार नाही. २५ मेपर्यंत ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर लक्षणं आणि प्रथमोपचार तपासतील आणि आमचे सर्पमित्र प्रत्येक फ्रेममधला साप ओळखतील. दोघांपैकी एकानं जरी ‘नाही’ म्हटलं तर ते दृश्य जातं. त्यावर चर्चा मी करेन, तुम्हाला वाद घालावा लागणार नाही.

दुसरा कट २९ मेला. ३१ मेला तो आशाताई वाडीतल्या पाच जणांना आवाज बंद करून दाखवतील आणि एकच प्रश्न विचारतील : ‘काय करायला सांगितलं?’ पाचपैकी एकानंही चुकीची कृती सांगितली तर फीत परत येईल. अशी वेळ आली तर वाईट वाटून घेऊ नका, तिसऱ्या फितीला आम्ही तीनदा परत गेलो होतो.

अंतिम कट ३ जूनला. मंजुरी डॉक्टर आणि मी, दोघांच्या लेखी होकारानंतरच. त्याआधी फीत घरच्या ग्रुपवरसुद्धा टाकू नका, एकदा सुटलेली अर्धवट फीत परत घेता येत नाही. मंजुरीनंतर मूळ प्रोजेक्ट फाइल आणि मजकुराविना एक प्रत ठेवा. तीच पुढे मालवणीत करायची आहे.

अडलं तर रात्री नऊपर्यंत कधीही फोन करा. एखादं दृश्य चालेल की नाही अशी शंका आली तर ते काढून ठेवा आणि मग विचारा.

– समन्वयक, सर्पदंश चित्रफीत गट