पीएल लागायच्या आधी वही तयार

नमस्कार. सरांनी मला दहाच मिनिटं दिली आहेत, त्यामुळे अभ्यासाचं महत्त्व वगैरे सांगत नाही. ते तुम्हाला घरी भरपूर ऐकायला मिळतं.

सेकंड इयर सिव्हिलला आलात म्हणजे एसओएम, म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, आलं. दर वर्षी परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, म्हणजे पीएल, लागली की झेरॉक्सच्या दुकानात तीच गर्दी असते: "काय बे, युनिट चारच्या नोट्स दे की!" त्या नोट्स चांगल्या असतात, पण ज्याने लिहिल्या त्याच्यासाठी. फळ्यावरचं कुठलं पाऊल त्याला कळलं होतं आणि कुठे तो अडकला होता, हे झेरॉक्समध्ये येत नाही.

म्हणून नोट्स म्हणजे फळ्याची नक्कल नव्हे. वर्गात उतरवून घ्या, वेडंवाकडं चालेल. खरी नोट्सची वही वेगळी ठेवा आणि त्याच दिवशी घरी किंवा होस्टेलवर वीसेक मिनिटं तिच्यासाठी काढा. त्याच दिवशी का, तर विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सगळ्यात जास्त असतो. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून हे दाखवलं होतं. आठवड्याने वही उघडलीत तर स्वतःचंच अक्षर परकं वाटतं.

आता ही माझी वही बघा. मागच्या बाकांनाही दिसावं म्हणून फळ्यावर लिहिते. दोन्ही टोकांना टेकलेला बीम, लांबी L. पूर्ण लांबीवर मीटरला w असा सारखा भार असेल तर जास्तीत जास्त बेंडिंग मोमेंट M = wL²/8. मधोमध एकच भार W असेल तर M = WL/4. इतकं सगळ्यांच्याच वहीत असतं. माझ्या वहीत खाली एक प्रश्न आहे: "एकूण भार तेवढाच ठेवून पसरला तर काय होतं?" मग आकडे घालून बघितलं. 4 मीटरचा बीम, मीटरला 10 किलोन्यूटन, म्हणजे एकूण 40. पसरलेला असताना मोमेंट 20 किलोन्यूटन-मीटर, तेच 40 मधोमध ठेवले तर 40. बरोबर दुप्पट! हे एकदा हाताने केलं की 8 आणि 4 मध्ये गोंधळ होत नाही, पाठ करायची गरजच उरत नाही.

शेजारी लाल पेनाने लिहिलंय, "kN·m चं N·mm करताना 10⁶ ने गुणा." स्ट्रेस काढताना I हा mm⁴ मध्ये असतो, तिथे निम्मा वर्ग मार्क घालवतो. चुकण्याच्या अशा जागा नोट्समध्ये असायलाच हव्यात. पुस्तकात त्या क्वचित सापडतात.

पानाच्या डाव्या बाजूला दोन इंच रिकामं सोडा. तिथे उत्तर लिहायचं नाही, प्रश्न लिहायचा. "शिअर फोर्स शून्य होतो तिथेच मोमेंट सर्वात जास्त का?" असा. उजळणीला उजवी बाजू हाताने झाका आणि प्रश्नावरून बोलून दाखवा. नुसती वही वाचत बसलं की सगळं येतंय असं वाटतं, पेपर हातात आला की येत नाही. एका टॉपिकनंतर एक पान कोरं ठेवा. पुढच्या महिन्यात तोच टॉपिक डिफ्लेक्शनमध्ये परत भेटतो, तेव्हा तिथे भर घालायची.

रोज जमणार नाही, मला माहीत आहे. गणपतीत ढोल-लेझीमच्या सरावाला कोण जात नाही? सबमिशनचा आठवडाही असतो. तेव्हा फक्त तारीख, टॉपिकचं नाव आणि न कळलेली एक ओळ एवढं टाकून ठेवा आणि रविवारी ते भरून काढा. दोन रविवार मात्र सलग सोडू नका, मग वही पूर्ण होत नाही आणि दिवाळीच्या सुट्टीत सगळं अंगावर येतं. रंगीत पेन, हायलायटर, नक्षीदार मथळे यांवर वेळ घालवणारे बरेच दिसतात. माझ्या मते तो वेळ एक जास्तीचं गणित सोडवायला द्यावा.

आणि न कळलेल्या ओळी वहीत कुजू देऊ नका. शुक्रवारपर्यंत साठलेल्या घेऊन सरांच्या केबिनमध्ये जा. "सर, चॅप्टर कळला नाही" म्हणालात तर सर तरी काय सांगणार? "सर, या ओळीत मायनस कुठून आला?" म्हणालात की दोन मिनिटांत काम होतं.

माझी वही इथे टेबलावर ठेवते. बघा, फोटो काढायचे तर काढा. पण उद्याच्या एसओएमच्या तासाचं पान आधी स्वतःचं करा, मग माझ्याशी ताडून बघा. मी चारपर्यंत लायब्ररीत आहे, काही अडलं तर तिथे या.