रावेरच्या पॅकहाऊसमध्ये आपले मनापासून स्वागत

प्रिय मेघनाताई,

आज आपण गुणवत्ता तपासणी विभागात रुजू होत आहात, याचा आम्हा सर्वांना मनापासून आनंद आहे. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळीची जबाबदारी ज्या थोड्या हातांवर आहे, त्यांत आपलेही हात आले, हे मला फार मोलाचे वाटते.

पहिल्या दिवशी सगळेच अनोळखी असते. म्हणून सकाळी साडेदहाला मी आपल्या टेबलाशी येईन आणि आपण दोघी मिळून सगळा परिसर पाहू. घड उतरवण्याच्या ओट्यापासून सुरुवात करू, मग फण्या धुण्याचे हौद, वजनकाटा आणि शेवटी शीतगृह. शीतगृहात मात्र थोडा अधिक वेळ थांबू, कारण तापमान तेरा अंशांच्या खाली घसरले की केळीची साल आतून तपकिरी पडू लागते, आणि ती पहिली पुसट रेघ कशी दिसते हे मला आपल्याला फळ हातात घेऊनच दाखवायचे आहे. तिथे थंडी असते, तेव्हा शाल जवळ असू द्यावी.

दुपारी डबा आणला नसेल तरी चिंता नको. आज सर्वांसाठी वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. तिखट कमी लागत असेल तर आधी सांगावे, आपल्यासाठी वेगळे काढून ठेवू. कोणतीही शंका कितीही लहान वाटली, तरी निःसंकोच विचारावी.

आपली सहकारी,
सुनंदा