गुहागरच्या प्रवासाआधी: आपल्या गाडीची यादी

पुणे–सातारा–उंब्रज–पाटण–कोयनानगर–कुंभार्ली घाट–चिपळूण–गुहागर, सुमारे 275 कि.मी. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, रविवारी पहाटे 5 ला निघायचं. गाडीत आई, तू, मी, वहिनी आणि दोन्ही मुलं. सुहास, ही यादी शुक्रवारीच हातात घे. शनिवारी बाजारहाट आणि मखराच्या सामानात वेळ मिळणार नाही.

स्टेपनी (सगळ्यात आधी हीच)

गेल्या वर्षी कोयनानगरच्या पुढे पंक्चर झालं, तेव्हा स्टेपनीतच हवा नव्हती. आई पावसात दीड तास छत्री धरून उभी होती. तेव्हा ह्या खेपेला:

☐ स्टेपनी डिकीतून बाहेर काढायची. जागेवर दाबून बघणं पुरेसं नाही. टायरच्या बाजूला भेगा, फुगवटा बघ.
☐ पंपावर हवा भरताना पाचवं चाक विसरू नकोस. ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकर आहे, त्यावर भरलेल्या गाडीसाठी जो आकडा दिलाय तोच धर. स्टेपनीत दोन-तीन पॉइंट जास्त ठेव.
☐ चारही चाकांचे नट घरीच एकदा पान्याने हलवून बघ. गॅरेजमध्ये गनने इतके आवळतात की रस्त्यात हाताने सुटत नाहीत. सुटतात ह्याची खात्री झाली की पुन्हा घट्ट कर, समोरासमोरचे नट आळीपाळीने.
☐ चारही टायरची नक्षी 1.6 मि.मी.पेक्षा खोल हवीच. पावसात मला तेवढीही कमीच वाटते. मागचा डावा टायर मला शंकास्पद वाटतो, तो टायरवाल्याला दाखव.

हत्यारं

☐ जॅक, त्याचा दांडा, चाकाचा पाना. जॅक फिरवून बघ, गंजलेला असेल तर थेंबभर तेल सोड.
☐ फूटभर प्लायवुडचा तुकडा. ओल्या मातीत जॅक रुततो, त्याच्याखाली हा घालायचा.
☐ चाकांना लावायला लाकडाचे दोन ठोकळे, घाटात दगड शोधत फिरायला नको.
☐ पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, 10 आणि 12 चा पाना, काळी टेप, जास्तीचे फ्यूज, जंपर केबल, टो करायचा दोर.
☐ बारा व्होल्टचा छोटा हवेचा पंप. काकांकडे आहे, मागून आणतो.

ही सगळी पिशवी सामानाच्या वर ठेवायची. गेल्या वर्षी ती मोदकांच्या पिठाच्या डब्याखाली होती.

कागदपत्रं

☐ आरसी, विमा, पीयूसी. तिन्हींच्या तारखा बघ.
☐ तुझं आणि माझं लायसन्स.
☐ डिजिलॉकरमध्ये सगळं आहे आणि ते चालतं. पण घाटात रेंज जाते, म्हणून झेरॉक्स समोरच्या कप्प्यात.
☐ फास्टॅगमध्ये शनिवारीच पैसे भर.

अडचणीत लागणाऱ्या वस्तू

☐ चमकणारा त्रिकोण. गाडी बंद पडली तर तो गाडीला चिकटून ठेवू नकोस, निदान पन्नास पावलं मागे ठेव. वळणावर थांबलो असू तर वळणाच्या अलीकडे, मागून येणाऱ्याला आधी दिसेल असा.
☐ चमकणारं जाकीट, बॅटरी, दोन रेनकोट, जुनं गोणपाट.
☐ प्रथमोपचार पेटी, आईच्या बीपीच्या गोळ्या (तीन दिवस जास्तीच्या), मुलांसाठी गाडी लागू नये म्हणून गोळी. ती डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी अर्धा तास.
☐ पाच लिटर पाणी, चार्जर, पॉवर बँक.
☐ नंबर कागदावर लिहून: तातडीची मदत 112, रुग्णवाहिका 108, राष्ट्रीय महामार्ग 1033, आणि विमा कंपनीचा रस्त्यावरच्या मदतीचा नंबर (पॉलिसीवर आहे).

निघण्याआधी

शनिवारी, इंजिन थंड असताना:
☐ सपाट जागी इंजिन ऑइल दांडीने बघ. कूलंट टाकीच्या खुणांमध्ये हवं. रस्त्यात गरम इंजिनाचं झाकण कोणीही उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.
☐ ब्रेक ऑइल. कुंभार्ली उतरताना गिअर दुसऱ्या-तिसऱ्यातच ठेवायचा. फक्त ब्रेकवर उतरलो तर ते तापतात आणि पकड जाते.
☐ वायपर. काचेवर रेघा उठत असतील तर रबर बदल, तिथे पैसे वाचवू नकोस.
☐ हेडलाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर, धुक्याचे दिवे. मुलांना मागे उभं करून विचार.
☐ काच धुण्याचं पाणी भर. आतून काच पुसून घे, धुक्यात ती आधी आतूनच धूसर होते. एसीची हवा समोरच्या काचेवर सोडायची.

रविवारी पहाटे:
☐ टाकी फुल (शनिवारी रात्रीच).
☐ सगळ्यांचे पट्टे, मागच्यांचेही. मूर्ती आईच्या पायाशी नाही, उशांमध्ये खोचून डिकीत.
☐ गाडीखाली तेलाचा डाग आहे का, बॅटरीने बघ.
☐ गल्लीच्या टोकापर्यंत हळू जाऊन दोनदा ब्रेक दाब. आवाज आला किंवा गाडी एका बाजूला ओढली, तर परत फिरायचं आणि मला सांगायचं. उशीर झाला तरी चालेल.